ताटातल्या वीस वस्तू आणि हातचा एक

प्रश्न : माझा नातू तिसरीत शिकतो, वय आठ पूर्ण. त्याच्या बाई सांगतात की धडा सुरू झाला की पाच मिनिटांत तो खिडकीबाहेर पाहू लागतो. तीन-चार कामे एकदम सांगितली तर पहिले करून बसून राहतो, आणि श्रुतलेखनात वाक्यातले शब्द गाळतो. मी एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालो असून संध्याकाळी त्याचा अभ्यास मीच घेतो. हळदीकुंकवाला बायका ताटातल्या वस्तू लक्षात ठेवण्याचा खेळ खेळतात, तसा मी महिनाभर रोज वीस वस्तू मांडून त्याच्याकडून घेतला. पूर्वी तो सहा सांगायचा, आता बारा-तेरा सांगतो. पण वर्गात काडीचाही फरक नाही. घरातल्याच वस्तूंनी घेता येतील असे दुसरे कोणते खेळ आहेत?
— एक आजोबा, वाई

सादर नमस्कार.

आपण महिनाभर नेमाने खेळ घेतलात आणि त्याची नोंदही ठेवलीत, म्हणूनच आपल्या प्रश्नाला नेमके उत्तर देता येते. सहावरून बारा-तेरापर्यंतची वाढ खरी आहे, परंतु ती ताटापुरती आहे. एकाच घरातल्या त्याच त्या वस्तू रोज समोर आल्या की मूल तो संच ओळखू लागते. आज कात्री होती की नव्हती एवढेच त्याला ठरवायचे असते. खात्री करून घ्यायची असेल तर एकदा शेजारच्या घरातून पूर्ण वेगळ्या वीस वस्तू मागवून मांडाव्यात. आकडा पुन्हा सात-आठवर आलेला दिसला तर वाईट वाटून घेऊ नये, कारण असे जवळजवळ सर्वच मुलांचे होते. स्मरणशक्तीच्या सरावावर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा मोनिका मेल्बी-लेर्व्हाग आणि चार्ल्स हुल्म या संशोधकांनी २०१३ मध्ये घेतला. त्यांना असेच आढळले की ज्या प्रकारचा सराव घेतला त्या प्रकारात मुले काही काळ पुढे जातात, मात्र वाचन, गणित किंवा वर्गातले लक्ष यांत ती वाढ उतरत नाही.

याचा अर्थ खेळ सोडून द्यावेत असा मी घेत नाही. व्यायामाने दंड कमवावा तशी स्मृती खेळाने कमावता येते, ही अपेक्षा मात्र सोडावी लागते. माझ्या अनुभवात घरच्या वस्तूंच्या खेळांचे खरे उपयोग दोन आहेत. मुलाच्या हातून गोष्ट नेमकी कोठे निसटते हे त्यांतून कळते, आणि गोष्ट धरून ठेवण्याची एक रीत त्याला शिकवता येते. ती रीत त्याच संध्याकाळी वहीपर्यंत नेली, तरच ती पुढे वर्गात पोहोचते.

ताटातला खेळ आणि वर्गातला धडा यांत मोठा फरक आहे. ताटातल्या सगळ्या वस्तू मिनिटभर डोळ्यांसमोर असतात. नजर चुकली तर ती पुन्हा फिरवता येते. बाईंचे वाक्य मात्र एकदा कानावरून जाते आणि संपते. शिवाय ते नुसते आठवून भागत नाही. "वही काढा, पान चौतीस उघडा, तारीख घाला आणि तिसरे उदाहरण सोडवा," असे बाई म्हणाल्या, तर वही काढण्याचे काम हात करत असताना उरलेल्या तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. बेरीज करताना आपण 'हातचा एक' म्हणतो, तो एक आपण जेथे ठेवतो त्याच जागेचे हे काम आहे. ती जागा सर्वांचीच लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मोठ्या माणसांसाठी सुमारे सात हा आकडा सुचवला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवले की गोष्टींची जुळणी करण्याची किंवा त्या मनात घोळवण्याची संधी मिळाली नाही, तर तो आकडा चारच्या आसपास येतो. आठ वर्षांच्या मुलाची जागा त्याहून लहान असते हे लक्षात घेतले, तर वीस वस्तूंचे ताट ही त्याची परीक्षाच ठरते आणि त्यात शिकवण्याला वाव उरत नाही.

म्हणून ताट काही दिवस बाजूला ठेवावे आणि पहिले तीन दिवस केवळ पाहणीसाठी द्यावेत. घरातल्या रोजच्या दहा वस्तू घ्याव्यात, ज्यांची नावे छोटी आणि त्याच्या तोंडात बसलेली आहेत : वाटी, चमचा, किल्ली, काडेपेटी, कांदा, बटाटा, कंगवा, पेन्सिल, दोऱ्याचे रीळ, साबण. त्या ओळीने मांडून वर पंचा टाकावा, म्हणजे नावे ऐकत असताना त्याला वस्तूंकडे पाहून आधार घेता येणार नाही. मग एका सेकंदाला एक नाव या संथ गतीने, आवाजात चढउतार न करता, दोन नावे सांगावीत, पंचा काढावा आणि त्याच क्रमाने वस्तू उचलण्यास सांगावे. प्रत्येक संख्येला दोन वेळा संधी द्यावी. दोहोंपैकी एकदा जरी बरोबर आले तरी पुढे तीन, मग चार असे जावे. दोन्ही वेळा चुकले की थांबावे. ज्या संख्येपर्यंत तो पोहोचला तो आकडा वहीच्या मागच्या पानावर 'कान' या नावाखाली लिहावा.

दुसऱ्या दिवशी हेच डोळ्यांसाठी करावे. नऊ वाट्या जमिनीवर विस्कळीत अंतराने उपड्या घालाव्यात. सरळ रांगेत नकोत. आपण बोटाने दोन वाट्यांवर एकामागून एक टिचकी मारावी आणि त्याने त्याच क्रमाने मारावी. पुढे तीन, चार, पाच. फिलिप कॉर्सी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथे नऊ लाकडी ठोकळ्यांनी अशीच चाचणी केली होती, आणि मानसशास्त्रज्ञ ती आजही वापरतात. आपल्या वाट्या त्या ठोकळ्यांचेच काम करतील. हा आकडा 'डोळा' या नावाखाली लिहावा. या घरगुती मोजणीवरून निदान होत नाही; शाळकरी मुलांत चार किंवा पाच हे आकडे सहज दिसतात आणि एखाद्या दमलेल्या संध्याकाळी तेच मूल तीनवर थांबते. म्हणून तिसऱ्या दिवशी दोन्ही पुन्हा घ्यावेत आणि मोठा आकडा धरावा.

आकड्यांइतकेच चुकांकडे लक्ष द्यावे, किंबहुना मी तर चुकांकडेच अधिक पाहते. 'कान' हा 'डोळा'पेक्षा दोनने कमी असेल, तर प्रश्न आठवणीचा नसून ऐकण्याचा असू शकतो. त्याविषयी शेवटी लिहिले आहे. शेवटची नावे सांगून पहिली विसरत असेल, तर ती नावे तो मनात घोळवत नाही. पहिली एक-दोन आणून बाकीची गाळत असेल, तर पहिले नाव कानावर पडताच त्याचे चित्त ती वस्तू शोधण्यात गुंतते आणि पुढचे ऐकायचेच राहून जाते. पहिले काम करून बसून राहणे या बाईंच्या तक्रारीशी ही शेवटची खूण जुळते, म्हणून तीच दिसेल असा माझा अंदाज आहे. तरी आपण स्वतः पाहून ठरवावे.

या वेळी त्याच्या ओठांकडेही पाहावे. हे सुचवण्यामागे एक जुना आणि सुंदर प्रयोग आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये पाच, सात आणि दहा वर्षांच्या मुलांना काही चित्रे दाखवली आणि त्यांतील काहींकडे क्रमाने बोट केले. मग मुलांना थोडा वेळ थांबवून तो क्रम विचारला. थांबण्याच्या त्या वेळात मुलांनी घातलेल्या खेळण्यातल्या शिरस्त्राणाची झडप डोळ्यांवर ओढलेली असे, आणि ओठांच्या हालचाली वाचता येणारा एक माणूस केवळ ओठांकडे पाहत असे. पाच वर्षांच्या फारच थोड्या मुलांचे ओठ हलले, सात वर्षांच्या निम्म्याहून काही अधिक मुलांचे, तर दहा वर्षांच्या बहुतेकांचे. पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात, ज्यांचे ओठ हलत नव्हते अशा मुलांना नावे पुटपुटण्यास शिकवले, तेव्हा ती मुले इतरांच्या बरोबरीने आठवू लागली. परंतु "आता हवे तर पुटपुटा, नको तर नको," असे म्हणताच त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुटपुटणे सोडून दिले.

आपल्या प्रश्नाचे जवळजवळ सारे उत्तर मला या दोन प्रयोगांत दिसते. आठ वर्षांच्या मुलाला ऐकलेले मनात घोळवण्याची सवय आपोआप लागलेली असेलच असे नाही. ती शिकवता येते. आणि शिकवल्यानंतर ती गळून पडते, म्हणून खेळापलीकडे अभ्यासातही तिची आठवण करून द्यावी लागते.

यासाठी मी जो खेळ प्रथम सुचवते, त्याला आमच्या वर्गात मुले 'सामान आण' म्हणतात. आजोबा एका खोलीत बसतात आणि वस्तू दुसऱ्या खोलीत असतात. पहाणीत त्याला जितक्या वस्तू जमल्या त्याहून एकने कमी संख्येपासून सुरुवात करावी. समजा 'कान' चार आला, तर तीन वस्तूंपासून. पहिला नियम असा की यादी सांगून संपेपर्यंत त्याचे दोन्ही तळहात गुडघ्यांवर राहतील आणि आपण एक टाळी वाजवल्याशिवाय तो उठणार नाही. पहिल्या नावाला धावण्याची सवय मोडण्यासाठी ही टाळी आहे. ती रागाने वाजवू नये, एरवी मुलाला ती शिक्षेसारखी वाटते. दुसरा नियम असा की यादी एकदाच सांगायची. "काय म्हणालात?" असे त्याने विचारले, तर ती फेरी सोडून नवी यादी घ्यावी. पुन्हा सांगितले जाईल याची खात्री असलेला कान पहिल्यांदा ऐकत नाही.

पहिले तीन-चार दिवस टाळीनंतर त्याने यादी मोठ्याने म्हणावी आणि वाटेत म्हणतच जावे : "किल्ली, कांदा, कंगवा, किल्ली, कांदा, कंगवा." पुढचे तीन-चार दिवस कुजबुजत म्हणावे. त्यानंतर केवळ ओठांत. हा उतार घाईने करू नये, कारण मोठ्याने म्हणणारे मूल आपल्याला ऐकू येते आणि नेमके कोठे अडखळते ते कळते. ओठ एकदा बंद झाले की आपल्याला फक्त निकाल दिसतो. पाच फेऱ्यांपैकी चार निर्दोष आल्या तर दुसऱ्या दिवशी एक वस्तू वाढवावी. सलग दोन फेऱ्या चुकल्या तर लगेच एक कमी करावी. दिवसाला पाच ते सहा फेऱ्या पुरेत, आणि सगळे मिळून आठ-दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ जाऊ देऊ नये. त्याला रंग चढला आहे म्हणून अर्धा तास खेळत राहिलो, तर शेवटच्या दहा मिनिटांत तो चुकायलाच शिकतो.

तीन-चार वस्तू ओठांतल्या ओठांत जमू लागल्यावर वाटेत आजींना उभे करावे. तो जाताना त्यांनी एखादा साधा प्रश्न विचारावा, "आज डब्यात काय होते?" त्याने उत्तर द्यावे आणि मग वस्तू आणाव्यात. हे मोठ्यांना वाटते त्याहून बरेच कठीण आहे, पण वर्गात शेजारचा मुलगा पेन्सिल मागतो तेव्हा हेच घडते. आजींच्या प्रश्नाने यादी पुसली गेली तर त्याला एक युक्ती द्यावी : उत्तर देण्यापूर्वी यादी एकदा ओठांत म्हणायची, मग बोलायचे, मग पुन्हा म्हणायची. या पायरीवर वस्तूंची संख्या एकने उतरवणे न्याय्य आहे.

चारच्या पुढे जायचे असेल तेव्हा पुटपुटणे अपुरे पडते आणि जुळणी लागते. ही गोष्ट आपल्याइतकी चांगली त्याला कोण शिकवणार? पन्नास प्रवाशांच्या गाडीत कोणाचे तिकीट राहिले हे लक्षात ठेवताना वाहक पन्नास चेहरे वेगवेगळे मोजत नसावा. पाचवडला चढलेले, भुईंजला चढलेले, मागच्या बाकावरचे चौघे, अशा थोड्या गटांत सारी गाडी त्याच्या डोक्यात बसत असावी. आपण कसे करत होता ते नातवाला सविस्तर सांगावे, आणि मग सहा वस्तूंची यादी मुद्दाम विस्कटून द्यावी : उदबत्ती, चमचा, काडेपेटी, वाटी, समई, किसणी. टाळीनंतर उठण्यापूर्वी त्याने स्वतःच दोन गट करावेत, देवघराचे तीन आणि स्वयंपाकघराचे तीन. गट आपण पाडून देऊ नयेत. तो किसणी आणि काडेपेटी यांना 'क'ची जोडी म्हणून एकत्र बांधू लागला, तर तीही जुळणी चालते आणि स्वतःची असल्यामुळे अधिक टिकते. अर्थात ही पायरी साधारण तिसऱ्या आठवड्यानंतरची आहे. पुटपुटणे अंगवळणी पडण्यापूर्वी गट शिकवले, तर मूल गटांची नावे सांगते आणि वस्तू विसरते.

आता वहीकडे. खेळ संपताच, मध्ये दूरदर्शन किंवा मोबाइल न येऊ देता, दहा मिनिटे श्रुतलेखन घ्यावे आणि तेच नियम तेथे लावावेत. "रविवारी आजोबा बाजारातून ताज्या भाज्या घेऊन आले," हे वाक्य एकदा, पूर्ण, सामान्य गतीने सांगावे. पेन्सिल खाली, तळहात गुडघ्यांवर. टाळी. त्याने वाक्य मोठ्याने म्हणावे आणि मगच पेन्सिल उचलावी. लिहितानाही पुढचे शब्द ओठांत चालू ठेवावेत. सात शब्दांचे वाक्य जड जात असेल तर पाचचे घ्यावे. शब्द तोडून, "रविवारी... आजोबा... बाजारातून," असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिने वही सुबक दिसते, पण वाक्य धरून ठेवण्याचे काम सांगणाराच करतो आणि मुलाला ते करावेच लागत नाही.

कामांच्या यादीसाठी चिंचोके उपयोगी पडतात. वहीच्या डाव्या बाजूस तीन चिंचोके ठेवावेत. "तारीख घाल, समास आख, पहिले उदाहरण उतरवून घे," असे सांगताना त्याने प्रत्येक कामाला एका चिंचोक्यावर बोट ठेवावे, आणि काम झाले की तो चिंचोका उजवीकडे सरकवावा. डावीकडे एखादा उरलेला दिसला की काम उरले आहे हे त्याला कळते, मग ते कोणते हे आठवण्याचा प्रयत्न तरी सुरू होतो; एरवी काही उरले आहे हेच त्याच्या ध्यानात नसते. बाईंनी परवानगी दिली तर हेच तीन चिंचोके कंपासपेटीत घालून शाळेत पाठवावेत. त्यांना दोनच विनंत्या कराव्यात : सूचना एका वेळी दोनपेक्षा अधिक देऊ नयेत, आणि त्याच्याकडून त्या एकदा तोंडी म्हणवून घ्याव्यात. चाळीस मुलांच्या वर्गात याहून अधिक मागणे योग्य होणार नाही.

माझ्याकडे आलेल्या तिसरीच्या एका मुलीचे उदाहरण सांगते, म्हणजे किती फरक अपेक्षित धरावा हे कळेल. तिचा 'कान' तीन होता आणि 'डोळा' चार. यादी सांगताना ती दुसऱ्या नावालाच उठू पाहत असे आणि ओठ स्थिर असत. श्रुतलेखनाच्या पाच वाक्यांत तिचे मिळून नऊ शब्द गळत. आम्ही दोन वस्तूंपासून सुरुवात केली. पहिला आठवडा सगळा गुडघ्यांवर हात ठेवण्यातच गेला, आणि आई मला म्हणाली की हे काही जमत नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन वस्तू मोठ्याने म्हणत ती आणू लागली. मग आम्ही घाईने कुजबुजण्यावर आलो आणि सलग दोन दिवस चुका झाल्या, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणण्यावर गेलो. ती चूक माझी होती. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस तिचा 'कान' चार झाला होता, म्हणजे वाढ अवघी एकाची. परंतु पाच वाक्यांत गळणारे शब्द दोन-तीनवर आले होते आणि वाक्य अर्धवट राहिल्याचे तिचे तिलाच कळत होते. डोक्यातली जागा फारशी वाढली नव्हती, त्या जागेत वस्तू ठेवण्याची रीत बदलली होती. शाळेतून सुट्टी पडल्यावर पंधरा दिवस सारे थांबले, तेव्हा पुटपुटणेही थांबले आणि चुका परतल्या; मात्र पुन्हा बसवायला तीनच दिवस लागले.

पाच मिनिटांत खिडकीकडे वळणाऱ्या नजरेसाठी वेगळा खेळ लागतो, कारण तेथे प्रश्न किती धरून ठेवता येते हा नसून किती वेळ लागून राहता येते हा आहे. स्टीलचा रिकामा डबा आणि मूठभर चिंचोके घ्यावेत. नातवाने पाठ करून, डोळे मिटून बसावे. आपण चिंचोके एकेक करून डब्यात टाकावेत, पण मधले अंतर सारखे नसावे : कधी चार सेकंद, कधी पंधरा, एखादे वेळी वीस. त्याने मनात मोजावे, बोटे न वापरता, आणि शेवटी आकडा सांगावा. सुरुवातीला एक मिनिट आणि सहा-सात चिंचोके, मग हळूहळू तीन मिनिटे आणि बारा-पंधरा. या खेळाची गंमत आवाजांत नाही, त्यांच्यामधल्या शांततेत आहे. लांबलेल्या वीस सेकंदांतच मन निघून जाते. म्हणून आवाज भराभर टाकून खेळ रंगवू नये. भराभर टाकले की तो सोपा होतो आणि ज्यासाठी घ्यायचा तेच उरत नाही. आकडा चुकला तर "मोजणी कोठे सुटली असे तुला वाटते?" एवढेच विचारावे. काही दिवसांनी मुले स्वतःच सांगू लागतात की सातनंतर मला क्रिकेट आठवले. मन गेले हे कळणे हीच या खेळातली मिळकत आहे, आणि घरी ते कळू लागलेले मूल वर्गात निदान परत येऊ शकते.

घाईने उत्तर देण्याची किंवा हात उगारण्याची खोड असेल, तर 'चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड' हा आपला जुना खेळ दोन मिनिटे पुरतो. उडणारी चार-पाच नावे सलग घेऊन मग अचानक म्हैस आणावी, म्हणजे हात थांबवण्याचा खरा प्रयत्न होतो. आपल्या पत्रात तशी खूण नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

खेळ कधी घ्यावा, याबाबत एकच सांगणे आहे. शाळेतून आल्या आल्या, भुकेल्या पोटी घेऊ नये आणि रात्री जेवणानंतर पेंगुळल्यावरही घेऊ नये. थोडे खाऊन, अर्धा तास बाहेर हुंदडून आल्यानंतरची वेळ चांगली. धाकट्या-मोठ्या भावंडांशी चढाओढ लावू नये. बक्षीस ठेवल्यास मूल बक्षिसाकडे पाहते आणि यादी निसटते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता मी बक्षीस ठेवतच नाही. त्याऐवजी पाच फेऱ्या झाल्या की एक यादी त्याने आपल्याला द्यावी आणि आपण उठून वस्तू आणाव्यात. आपण चुकलात तर त्याला अतिशय आनंद होईल, आणि आपले ओठ हलताना त्याला दिसतील.

आता खेळांच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी. 'कान' हा 'डोळा'पेक्षा स्पष्ट कमी आला, किंवा सर्दी झाली की लक्ष अधिक उडते, तो दूरदर्शनचा आवाज वाढवतो, पाठमोऱ्या हाकेला उत्तर देत नाही, असे काही दिसले तर खेळ सुरू करण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी. कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्याने मुलांना अर्धवट ऐकू येते आणि मूल ते सांगत नाही, कारण त्याच्या लेखी जग तसेच असते. फळ्यावरचे उतरवताना चुका आणि वहीतले उतरवताना नाहीत, असे असेल तर डोळे तपासावेत. या वयाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. ती आठ तासांच्या खाली जात असेल किंवा मूल घोरत असेल, तर प्रथम ते पाहावे.

बोलता बोलता तो काही सेकंद एकदम थबकतो, नजर स्थिर होते, हाक मारून किंवा स्पर्श करूनही भानावर येत नाही आणि मग काही झालेच नाही असा पुढे बोलू लागतो, असे एकदा जरी आपल्या पाहण्यात आले, तर ते स्वप्नाळूपण समजू नये. फिट येण्याचा तो एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. बालरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. खिडकीबाहेर पाहणारे मूल खांद्याला हात लावताच वळते, यावरून दोहोंतला फरक घरीही ओळखता येतो.

चंचलपणा आणि लक्ष न टिकणे हे सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, रोजचे व्यवहार अडतील इतके दिसत असेल, किंवा वाचताना अक्षरेच त्याला साथ देत नसतील, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे, आणि ती खेळांचा परिणाम पाहण्यासाठी लांबवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांची विनामूल्य तपासणी करतात आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक शाळेत कधी येते हे मुख्याध्यापकांकडे विचारावे.

पाच आठवड्यांनी ताटातल्या वस्तू मोजू नयेत. त्याच्या श्रुतलेखनाची पहिल्या आठवड्यातली पाच वाक्ये आणि पाचव्या आठवड्यातली पाच वाक्ये शेजारी ठेवून गळलेले शब्द मोजावेत, आणि बाईंना एवढेच विचारावे की दोन कामे सांगितली तर दुसरे होते का. त्यात फरक दिसला नाही, तर वहीतले 'कान' आणि 'डोळा' यांचे आकडे आणि त्याच्या चुकांचे वर्णन मला अवश्य कळवावे. ताटाचा खेळ त्याला आवडत असेल तर रविवारी आजींबरोबर खुशाल खेळू द्यावा. मात्र वस्तू सात असाव्यात, दर वेळी नव्या असाव्यात, आणि पाहताना त्याने त्यांची नावे ओठांत म्हणावीत.